पाणसुरुंग कुणी टाकला तेच माहीत नाही, तरी भरपाई अल्बानियानं का द्यायची?

गच्चीवरचा_कावळा
मंडळी, माझी भाची लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि तिला कॉलेजात मूट कोर्टसाठी एक काल्पनिक केस दिलीय, एका देशाच्या समुद्रहद्दीत दुसऱ्या देशाचं जहाज सुरुंगावर आपटतं, माणसं मरतात, आणि सुरुंग कुणी टाकला हे कुणालाच माहीत नसतं. तिच्या वाट्याला किनाऱ्याच्या देशाची बाजू आलीय. रविवारी जेवताना मी आपलं सहज बोलून गेलो की अगं मग तुझी केस जिंकल्यातच जमा आहे, ज्यानं टाकला त्याला धरा, माझ्या अंगणात कुणी रात्री खिळे टाकून गेला तर तुझ्या टायरचे पैसे मी का देऊ? तर म्हणाली मामा, हे खरंच घडलंय आणि तो देश हरलाय. कॉर्फू चॅनल म्हणून केस आहे, ब्रिटन विरुद्ध अल्बानिया, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा १९४९ चा निकाल. मी नेटवर थोडं वाचलं, पण वाचून गोंधळ वाढलाच. कोर्ट म्हणतं सुरुंग अल्बानियानं टाकले हे सिद्ध नाही, आणि पुढच्याच पानावर म्हणतं अल्बानिया जबाबदार. हे कसं काय बुवा? जाणकारांनी उजेड टाकावा.

रोखठोक_भाऊ
यात गोंधळ कसला. जमीन त्याची, पाणी त्याचं, जबाबदारी त्याची. आपल्या हद्दीत काय चाललंय ते माहीत असायलाच पाहिजे, नसेल तर सरकार कशाला म्हणायचं? कोर्टानं हेच सांगितलं की हद्दीत घडलं म्हणजे माहीत असणारच. विषय संपला.

मिठाची_बरणी
भाऊंचा विषय नेहमी तिसऱ्या वाक्याला संपतो 😄

सुकाणू
भाऊ, अर्धं बरोबर आहे, पण ते "माहीत असणारच" तेवढं उलटं आहे. कोर्टानं स्पष्ट म्हटलंय की नुसता ताबा आहे म्हणून देशाला माहीत होतं, किंवा माहीत असायला हवं होतं, असं धरता येणार नाही. सिद्ध करायचं ओझंही त्यामुळे अल्बानियावर जात नाही, ते ब्रिटनवरच राहतं. सगळी केस या दोन गोष्टींच्या मधल्या फटीत आहे.

मी जहाजांच्या विमा-दाव्यांचं काम करते, त्यामुळे ही केस आमच्या धंद्यात रामरक्षेसारखी पाठ असते. आधी घटना सांगते, नाहीतर कायदा हवेत राहतो.

कॉर्फू हे ग्रीसचं बेट, आणि समोर अल्बानियाचा किनारा, सारांडा नावाचं छोटं बंदर. मधून जहाजांचा रस्ता जातो. युद्धाच्या शेवटी, १९४४ च्या ऑक्टोबरात, हा रस्ता सुरुंग काढून साफ केला होता, ४५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत परत तपासला होता, आणि तो सुरक्षित मानला जात होता. मग मे १९४६ मध्ये अल्बानियाच्या किनाऱ्यावरून दोन ब्रिटिश क्रूझरवर तोफा डागल्या गेल्या. लागलं काही नाही, पण भांडण सुरू झालं. अल्बानियाचं म्हणणं, आमच्या पाण्यातून जायचं तर आधी परवानगी घ्या. ब्रिटन म्हणे हा आंतरराष्ट्रीय रस्ता आहे, परवानगी कसली.

२२ ऑक्टोबर १९४६ ला ब्रिटननं मुद्दाम चार युद्धनौका पाठवल्या, दोन क्रूझर आणि दोन विनाशिका. दुपारी २:५३ ला सोमारेझ नावाची विनाशिका सुरुंगावर गेली. व्होलाज नावाच्या दुसरीला सांगितलं हिला ओढून ने, तर ओढता ओढता तिचंही नाक उडालं. चाळीसहून जास्त नौसैनिक गेले.

उरलेलं रात्री लिहिते, आत्ता मीटिंग आहे.

अण्णा_माळी
वाचतोय. एक शंका. ब्रिटननं मुद्दाम जहाजं पाठवली म्हणता, म्हणजे तेच खोड काढायला गेले होते की. मग त्यांचीच चूक नाही का? आमच्याकडे याला आपल्या पायानं चालत जाणं म्हणतात.

दोडामार्गी
नमस्कार, मी पहिल्यांदाच लिहितोय, चूक झाली तर सांभाळून घ्या. विषय बघून आलो. माझा मेव्हणा एका आखाती देशात फॅब्रिकेशनच्या कंपनीत आहे, सात महिन्याचा पगार दिलेला नाही, मालक फोन उचलत नाही, पासपोर्ट पण त्यांनीच ठेवून घेतलाय. तर या कायद्यानं त्या देशाला जबाबदार धरता येईल का? म्हणजे भारत सरकार केस टाकू शकेल का? घरी सगळे काळजीत आहेत.

मिठाची_बरणी
दोडामार्गी, इथे वर पाणसुरुंगाचं चाललंय हो...

सुकाणू
राहू दे बरणी, प्रश्न अगदीच परका नाहीये.

दोडामार्गीदादा, सरळ सांगते. मालकानं पगार बुडवला ही मालकाची चूक, त्या देशाची नाही. खाजगी माणूस काय करतो त्याला देश आपोआप बांधलेला नसतो. मेव्हण्यानं आधी तिथल्याच लेबर ऑफिसात आणि कोर्टात तक्रार करायला हवी, आणि आपल्या दूतावासात लेखी द्यायला हवं, दोन्हीची पोच घेऊन ठेवायची. तिथल्या कोर्टानं तक्रारच घेतली नाही, किंवा निकाल देऊनही सरकारी यंत्रणेनं मुद्दाम अडवलं, तर मग "आमच्या माणसाला न्याय नाकारला" असं भारत त्या देशाला म्हणू शकतो. पण तेव्हाही म्हणायचं की नाही हे भारत सरकार ठरवतं, मेव्हणा नाही. तो दावा कायद्यानं देशाचा असतो. त्यामुळे यावर विसंबून थांबू नका, तक्रार आजच करायला सांगा. पासपोर्टचं दूतावासाला वेगळं लिहा.

दोडामार्गी
धन्यवाद ताई. त्याला आत्ताच व्हॉट्सअ‍ॅप केलंय.

सुकाणू
आता अण्णांची शंका आणि मूळ प्रश्न. जरा लांबेल.

अण्णा, तुमचा मुद्दा अल्बानियानंही मांडला होता. कोर्टानं १४ विरुद्ध २ मतांनी सांगितलं की २२ ऑक्टोबरला जाण्यात ब्रिटननं काही मोडलं नाही. त्या सामुद्रधुनीतून निरुपद्रवी जायचा हक्क होता, आणि हक्क वापरून बघायला जाणं म्हणजे खोड काढणं नव्हे.

आता सुरुंग. नोव्हेंबरच्या १२-१३ ला ब्रिटिश नौदलानं परवानगी न घेता तिथे सुरुंग काढण्याची मोहीम केली, २२ सुरुंग कापले, दोन माल्टाला नेऊन तपासले. जर्मन बनावटीचे, पण केबलवर गंज आणि शेवाळ फार नाही, म्हणजे नुकते टाकलेले. दीडदोन वर्षं पाण्यात राहिलेली वस्तू कशी दिसते ते कुठल्याही कोळ्याला विचारा, कालवं-शंखले धरतातच. म्हणजे युद्धातले राहून गेलेले सुरुंग ही शक्यता गेली.

मग टाकले कुणी? अल्बानियाकडे सुरुंग टाकायची जहाजंच नव्हती. ब्रिटनला संशय युगोस्लाव्हियाचा. युगोस्लाव्ह नौदलातून पळून आलेला एक अधिकारी त्यांनी साक्षीला आणला, तो म्हणाला शिबेनिक बंदरात दोन बोटींवर सुरुंग चढवताना मी पाहिलं. कोर्टानं साक्ष ऐकली, तज्ज्ञांना शिबेनिकला पाठवून ठिकाणही बघायला लावलं, आणि शेवटी म्हणालं, एवढ्या गंभीर आरोपाला हे पुरत नाही. म्हणजे "टाकले" यावर ब्रिटन हरलं.

उरलं एकच. अल्बानियाला माहीत होतं का?

गच्चीवरचा_कावळा
बरोबर इथेच मी अडकलो होतो. "माहीत होतं" हे दुसऱ्या देशाच्या डोक्यात शिरून कसं सिद्ध करणार? तिथले कागद ब्रिटनला मिळणार नाहीत, साक्षीदार मिळणार नाहीत.

सुकाणू
कोर्टानं नेमकं हेच ओळखलं. ज्याच्या हद्दीत घडलं त्याच्या हातात सगळा पुरावा, आणि ज्याचं नुकसान झालं तो बाहेर उभा. म्हणून त्याला परिस्थितीजन्य पुराव्यावर जास्त मोकळेपणानं बोट ठेवू द्यायचं, फक्त सगळे धागे एकाच निष्कर्षाकडे जायला हवेत आणि रास्त शंकेला जागा राहता कामा नये. सवलत पुराव्याच्या प्रकारात आहे, वजनात नाही. इथे बरेच लोक घसरतात.

धागे दोन होते.

पहिला अल्बानियानंच दिला. मे महिन्यापासून ते सगळ्यांना ठणकावून सांगत होते की आमचा किनाऱ्यावर कडक पहारा आहे, परवानगीशिवाय कुणी फिरकायचं नाही. तोफा डागून दाखवल्याही होत्या. आणि स्फोट झाल्यावर काय केलं? ब्रिटननं नोव्हेंबरात सुरुंग काढले त्याचा जोरदार निषेध. पण आमच्या पाण्यात कुणी सुरुंग टाकले याचा निषेध नाही, चौकशी नाही. ज्याच्या घरात चोर शिरला तो चोराबद्दल अवाक्षर काढत नाही आणि शेजाऱ्यानं कंपाउंडवरून डोकावलं म्हणून भांडतो, असं ते दिसलं.

दुसरा धागा मला फार आवडतो. कोर्टानं नॉर्वे, स्वीडन आणि नेदरलँड्सचे नौदल अधिकारी तज्ज्ञ म्हणून नेमले होते, त्यातले नॉर्वे आणि स्वीडनचे जानेवारी १९४९ मध्ये खुद्द सारांडाला गेले. कड्यावरची पहाऱ्याची ठिकाणं पाहिली, एक टोक, एक भूशिर, आणि सॅन जॉर्जिओचा मठ, जो उंचावर आहे. मग रात्री पाण्यातून बोट नेऊन बघितलं, वरून दिसते का, ऐकू येते का. सुरुंग जिथे सापडले त्यावरून हिशोब केला की टाकणाऱ्या बोटी मठाखालच्या किनाऱ्यापासून साधारण ५०० मीटरवरून गेल्या असणार. आणि लिहून दिलं की नेहमीच्या हवामानात, दुर्बीण घेऊन नेहमीसारखा पहारा असेल, तर हे काम पहारेकऱ्यांना कळल्याशिवाय होऊच शकत नाही. पहारेकऱ्यांकडे दुर्बिणी होत्या हे आधीच रेकॉर्डवर होतं.

एकीकडे "आमचा पहारा कडक", दुसरीकडे "पहारा असेल तर दिसणारच". दोन्ही जोडा.

मिठाची_बरणी
हे आमच्या सोसायटीत झालंय. पार्किंगमध्ये एका गाडीचा आरसा फोडला कुणीतरी, आणि सेक्रेटरी काका वर्षभर प्रत्येक मीटिंगला सांगायचे की आपल्याकडे माशीसुद्धा रजिस्टरमध्ये सही केल्याशिवाय आत येत नाही. मग गाडीवाले म्हणाले ठीक आहे, काढा रजिस्टर. रजिस्टर निघेना. तेव्हापासून काका माशीचं नाव काढत नाहीत.

रोखठोक_भाऊ
म्हणजे शेवटी मी म्हटलं तेच. हद्द त्याची होती, जबाबदार तो.

सुकाणू
नाही हो भाऊ. पहारा खरंच ढिसाळ असता, किंवा मठावरून तो कोपरा दिसतच नसता, तर हद्द तीच असून निकाल फिरला असता. जबाबदारी हद्दीवरून नाही, माहीत असून गप्प बसण्यावरून आली.

आणि गप्प बसण्याचं पण कोर्टानं मोजून सांगितलंय. समजा सुरुंग अगदी शेवटच्या रात्री, २१-२२ ला टाकले. तेवढ्या वेळात जगभरच्या जहाजांना सूचना देणं जमलं नसतं, हे कोर्टानं मान्य केलं. पण २२ ला दुपारी एकच्या सुमाराला किनाऱ्यावरच्या पहाऱ्यानं ब्रिटिश जहाजं येताना पाहिली होती. स्फोट २:५३ ला. जवळजवळ दोन तास. तेवढ्या वेळात एक बोट पाठवता आली असती, झेंड्यांचा इशारा देता आला असता. काहीही केलं नाही. म्हणून ११ विरुद्ध ५ मतांनी अल्बानिया जबाबदार. पाच जणांना हे पटलं नव्हतं, हेही लक्षात ठेवा.

गच्चीवरचा_कावळा
आता डोक्यात प्रकाश पडला. पण मग भाचीनं काय करायचं? तिला हाच हरलेला देश दिलाय की.

सुकाणू
तिला सांगा आधी आपल्या देशाच्या फुशारक्या शोध. दिलेल्या कागदात कुठे "आमचा पहारा चोवीस तास" असं वाक्य असेल तर तीच तिची सुळावरची पोळी आहे, समोरचा पहिल्या पाच मिनिटांत ते वाचून दाखवणार. ते नसेल तर "आम्हाला कळण्याचा मार्गच नव्हता" यावर सगळा भर द्यावा, किनारा किती लांब, चौक्या किती, रात्र कसली. आणि "टाकले कुणी" यावर वेळ घालवू नये. तो भाग ती जिंकेल आणि केस हरेल.

रोखठोक_भाऊ
बरं मग मूळ मुद्द्यावर येतो. २६/११. १६६ माणसं गेली. माणसं तिथली, ट्रेनिंग तिथलं, बोट कराचीहून निघाली, फोनवर सूचना तिथून. फेब्रुवारी २००९ मध्ये त्यांच्याच गृहखात्यानं मान्य केलं की कटाचा काही भाग आमच्या भूमीवर शिजला. कॉर्फू लावा की, दोन तास काय, महिने होते त्यांच्याकडे. का नाही केस टाकली?

अण्णा_माळी
हा प्रश्न माझ्याही मनात होता. मी तेव्हा सीएसटीजवळच नोकरीला होतो, त्या दिवशी लवकर निघालो म्हणून आज लिहितोय.

सुकाणू
अण्णा 🙏

भाऊ, यात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते एकत्र कालवले की भांडणच होतं.

एक, जबाबदारी येते का. त्यात पायऱ्या आहेत. त्यांच्या सरकारी अधिकाऱ्यांनीच केलं, असं दाखवलं तर सरळ त्या देशाचं कृत्य. संघटनेनं केलं पण त्या कारवाईची सूत्रं सरकारच्या हातात होती असं म्हणायचं, तर मापदंड फार कडक आहे. निकाराग्वाच्या केसमध्ये १९८६ ला कोर्टानं म्हटलं की अमेरिकेनं बंडखोरांना पैसा, शस्त्रं, ट्रेनिंग दिलं, तरी त्यांचं प्रत्येक कृत्य अमेरिकेचं होत नाही, त्या त्या कारवाईवर प्रत्यक्ष नियंत्रण हवं. अर्थात पैसा-शस्त्रं दिल्याबद्दल अमेरिका वेगळी दोषी ठरलीच. आणि तिसरी पायरी कॉर्फूची, माहीत असून थांबवलं नाही. नुसतं "भूमीवर शिजलं" हे नंतर मान्य करणं आणि "तेव्हा सरकारला माहीत होतं" यात अंतर आहे. ते अंतर पुराव्यानं भरता येईल असं मला स्वतःला वाटतं, पण भरलं गेलेलं नाही, कारण तपासायला कोर्टच बसलं नाही.

दोन, कोर्ट का नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयात दोन्ही देशांची संमती लागते, आणि भारतानं आपल्या संमतीत अट घातलीय की राष्ट्रकुलातल्या देशांशी वाद असेल तर नाही. ही अट आपणच वापरलीय. ऑगस्ट १९९९ मध्ये पाकिस्तानी नौदलाचं अटलांटिक विमान आपण पाडलं, ते हेगला गेले, आपण हीच अट पुढे केली आणि जून २००० मध्ये कोर्टानं १४ विरुद्ध २ नं अधिकार नाही म्हणून केस काढून टाकली. मग आता आपणच उलट दारातून जायचं कसं? कुलभूषण जाधवांची केस चालली कारण तिथे वकिलातीच्या कराराचा वेगळा दरवाजा होता.

रोखठोक_भाऊ
म्हणजे अट आपलीच आपल्याला नडली. तरी मी म्हणतो अट काढून टाका आणि लढा.

मिठाची_बरणी
काढली की उद्या तेही येणार त्याच दारानं, आपल्यावर. हिशोब दोन्हीकडून मांडा भाऊ.

रोखठोक_भाऊ
येऊ देत. आपण घाबरतो का?

अण्णा_माळी
ते राहू दे. मला एक सांगा सुकाणूताई, त्या अल्बानियानं पैसे दिले का? की नुसताच कागद?

सुकाणू
अण्णा, इथे मजा आहे. डिसेंबर १९४९ मध्ये कोर्टानं आकडा ठरवला, ८,४३,९४७ पौंड. अल्बानिया या टप्प्याला आलाच नाही, म्हणाला रक्कम ठरवायचा अधिकारच नाही. तरी कोर्टानं एकतर्फी मान डोलावली नाही, आकडे तपासायला तज्ज्ञ बसवले. सोमारेझ तर भंगारातच गेली, तिचे ब्रिटननं मागितले ७,००,०८७. तज्ज्ञ म्हणाले बदली जहाजाची किंमत ७,१६,७८० होते. पण मागितलं त्याहून जास्त देता येत नाही म्हणून ७,००,०८७ च. व्होलाजच्या दुरुस्तीचे ९३,८१२. आणि माणसांचे ५०,०४८.

हा शेवटचा आकडा बघा. मेलेल्या नौसैनिकांच्या जिवाची किंमत म्हणून ही रक्कम नाहीये. ब्रिटिश सरकारनं त्यांच्या घरच्यांना आणि जखमींना पेन्शन, उपचार वगैरेवर जो खर्च केला, तो. दावा देशाचा असतो म्हणाले ना वर, तो असा.

मिळाले का? चाळीस वर्षं नाहीत. ब्रिटननं मात्र युद्धात लुटलं गेलेलं अल्बानियाचं दीड टनाहून जास्त सोनं बँक ऑफ इंग्लंडच्या तिजोरीतून सोडलं नाही. अल्बानियातली राजवट गेल्यावर १९९२ मध्ये तडजोड झाली, अल्बानियानं २० लाख डॉलर द्यायचे आणि सोनं सोडायचं. सोनं प्रत्यक्षात १९९६ ला गेलं.

अण्णा_माळी
म्हणजे पन्नास वर्षं. आणि ब्रिटननं परवानगीशिवाय सुरुंग काढले नोव्हेंबरात, त्याचं काय? ते त्यांना माफ?

सुकाणू
नाही, तिथे कोर्ट एकमतानं ब्रिटनच्या विरुद्ध गेलं. पुरावा गोळा करायला शिरलो असं त्यांनी सांगितलं, कोर्ट म्हणालं असं घुसणं बलवान देशांनाच परवडतं, हे चालणार नाही. अल्बानियाच्या सार्वभौमत्वाचा भंग झाला. पण भरपाई काय? "भंग झाला" असं कोर्टानं जाहीर केलं, तीच भरपाई. आणि गंमत म्हणजे त्याच घुसखोरीतून मिळालेले सुरुंग पुरावा म्हणून मात्र वापरले गेले.

अण्णा_माळी
वा. एकाला साडेआठ लाख पौंडाचं बिल आणि दुसऱ्याला "असं करू नये हो".

सुकाणू
एकाकडे माणसं मेली होती अण्णा, दुसऱ्याकडे कुणाचं काही गेलं नव्हतं. पण तुमचं खटकणं बरोबर आहे, त्या पुराव्याबद्दल आमच्यात अजून दोन तट आहेत. मी स्वतः तो नाकारायला हवा होता या बाजूची आहे, आमचे सर उलट.

गच्चीवरचा_कावळा
भाचीला सगळा धागा वाचून दाखवला. तिनं लगेच केसचे कागद काढले. सतराव्या परिच्छेदात आहे, त्या देशाच्या नौदलप्रमुखाची मुलाखत, "आमच्या नजरेतून मासासुद्धा सुटत नाही."

मिठाची_बरणी
माशी, मासा, एकूण एकच.

दोडामार्गी
अपडेट. मेव्हण्यानं लेबर ऑफिसात तक्रार दिली, पोच मिळाली. दूतावासाला ईमेल गेलाय, उत्तर यायचंय. पासपोर्ट अजून मालकाकडेच.